डब्यातल्या पोळीचा अनुशेष

आज संध्याकाळी भावाकडे गेले होते. परभणीत आमची दोन्ही घरं हाकेच्या अंतरावर, त्यामुळं चहाला जायला कारण लागत नाही. भाची सातवीत आहे. शाळेतून गृहपाठ दिलाय, रोज पेपरातला अग्रलेख वाचायचा, पाच अवघड शब्द काढायचे, अर्थ लिहायचा आणि वाक्यात उपयोग करायचा. वही माझ्यापुढं सरकवली आणि म्हणाली, "आत्या, बघ ना बरोबर आहे का."

पाचातला तिसरा शब्द: अनुशेष. अर्थ: शिल्लक. वाक्य: "माझ्या डब्यात पोळीचा अनुशेष राहिला."

मी हसले आधी. मग चहा गार होईपर्यंत हसू आटत गेलं आणि डोकं तापत गेलं. कारण त्या अग्रलेखातलं मूळ वाक्य मराठवाड्यातल्या सिंचनाच्या अनुशेषाबद्दल होतं. आणि लेकराला वाटलं, आपल्याकडं सिंचन एवढं झालं की उरलंय! डब्यातल्या पोळीसारखं.

अर्थ तिनं गाईडमधून उतरवलेला. अनुशेष म्हणजे शिल्लक, एवढंच छापलंय. अरे, मराठवाड्यात बसून हा शब्द शिकवताय आणि असा? शिल्लक म्हणजे सगळ्यांचं जेवून झालं, तरी टोपल्यात राहिलं ते. अनुशेष म्हणजे पानावर यायला हवं होतं ते आलंच नाही. एक उरणं आणि एक न मिळणं. दोन्ही एका मापानं मोजलं की झालं, आमच्या पिढीचं रडगाणं पुढच्या पिढीला पोट भरल्याची ढेकर वाटणार.

शाळेच्या बाईंवर आता ओरडत नाही. साठ वह्या तपासायच्या, त्यात शब्दार्थ कोण वाचतंय. पण अग्रलेख लिहिणाऱ्यांवर ओरडायचंय. दर अधिवेशनात "अनुशेषाचा प्रश्न ऐरणीवर". ऐरणीवर म्हणे! कधी एकदा तरी कंसात साधा अर्थ द्या ना.

तर मी तिला कसं सांगितलं ते लिहिते. तुमच्याही घरी एखादं लेकरू असेल.

आधी शब्द फोडला. शेष तिला माहीत होता, गणितात बाकी म्हणतात तोच. अवशेष, निःशेष, सगळीकडं "उरणं". अनु म्हणजे मागून: अनुयायी मागून चालतो, अनुज मागून जन्मतो. म्हणजे अनुशेष झाला मागं राहून गेलेलं आणि आपल्या मागं मागं येत राहणारं. सरकारी मराठीत हा शब्द 'बॅकलॉग'साठी वापरतात. तिचा चुलतभाऊ पॉलिटेक्निकला आहे, त्याच्या दोन विषयांना बॅक आहे, हे तिला चांगलंच ठाऊक. "दादाच्या बॅकसारखं?" म्हणाली. जवळपास. पण बॅक दादानं अभ्यास केला नाही म्हणून राहिली. इथं परीक्षाच वेगळी आहे. इथं देणाऱ्यानं दिलेलं नाही.

आणि मग मला पंगत आठवली.

मी आठ वर्षांची असेन. आज्जीसोबत एका लग्नाला गेले होते, गंगाखेडच्या बाजूला. बायकांची पंगत नेहमीसारखी शेवटी. पळसाच्या पत्रावळ्या, वरण-भात, वांग्याची भाजी, आणि वाढप्याच्या हातात बुंदीच्या लाडवांची परात. त्यानं एका टोकाकडून सुरुवात केली. तिथं नवरीकडच्या खाशा बायका. त्यांच्या पानात तो आग्रह करकरून वाढत होता, पाच-पाच. मधे आला तेव्हा दोन-दोन. आमच्यापर्यंत आला तेव्हा परात वाजायला लागली होती. आज्जीच्या पानात एक टाकला, माझ्या पानात एक, आणि "मागून येतोय" म्हणून गेला. मी त्या वाटेकडं बघत भात गार करून टाकला. आज्जी खाली मान घालून जेवत होती.

भाचीला म्हटलं, आता ह्याचा हिशोब कर. दहा पानं. पहिल्या चौघींना पाच-पाच, वीस झाले. पुढच्या चौघींना दोन-दोन, आठ. शेवटच्या दोघींना एक-एक. एकूण तीस लाडू, सरासरी तीन. आता ज्यांच्या पानात तीनपेक्षा कमी आहेत, त्यांना किती कमी पडले? चौघींना एक-एक, दोघींना दोन-दोन. आठ. हा आठ लाडवांचा अनुशेष.

ती म्हणाली, "मग पहिल्यांच्या पानातले उचलायचे का?" नाही. तसं कुणी करत नाही आणि करूही नये, वाढलेलं पान कोण उष्टं उचलणार. आठ लाडू नव्यानं वळायचे. 1983 मध्ये महाराष्ट्र सरकारनं वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिनं हेच केलं. रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य, पिण्याचं पाणी, असं एकेक घेऊन राज्याची सरासरी काढली, जिल्हा त्या सरासरीपेक्षा किती खाली आहे ते मोजलं आणि तेवढं भरून काढायला किती पैसे लागतील ते मांडलं. 1984 च्या अहवालात सगळ्या राज्याचा मिळून अनुशेष साधारण 3,186 कोटींचा निघाला, त्यात मराठवाड्याचा साडेसातशे कोटींच्या आसपास. उरलेल्या महाराष्ट्रातल्या मागास जिल्ह्यांचाही होता त्यात, आणि बराच होता. हे आपल्याकडं भाषणात कुणी सांगत नाही, मी सांगून टाकते.

म्हणजे अनुशेष हा नुसता "आम्ही गरीब" असा शब्द नाही. त्याला माप आहे. सरासरीखाली किती, एवढंच तो सांगतो. अख्ख्या पंगतीला एकेकच लाडू मिळाला असता तर अनुशेष शून्य निघाला असता, भूक मात्र तशीच.

खरी गंमत इथून पुढं. तिला म्हटलं, समज आठ लाडू वळले आणि वाढले. आता सगळ्यात मागच्यांच्या पानातही तीन. मिटलं? ती हो म्हणाली. मी म्हटलं, पुन्हा सरासरी काढ. अडतीस लाडू, दहा पानं. तीन पूर्णांक आठ दशांश. ती वहीकडं बघतच राहिली. "पुन्हा कमी पडले की गं!" पडणारच. आणि हे पहिल्या चौघींना मधल्या काळात एकही लाडू मिळाला नाही असं धरून. प्रत्यक्षात वाढपी तिथंच घुटमळत असतो. म्हणून तर 1994 च्या स्थितीवर पुन्हा मोजलं तेव्हा मराठवाड्याचा आकडा 4 हजार कोटींवर गेला. भाववाढ त्यात आहेच, सगळा दोष वाढप्याचा नाही, मान्य.

भाववाढीवरून आणखी एक. पेपरात दोन शब्द येतात, आर्थिक अनुशेष आणि भौतिक अनुशेष. भौतिक म्हणजे लाडू. आर्थिक म्हणजे त्या लाडवाचे पैसे. लाडू रुपयाला होता तेव्हा आठ लाडवांचे आठ रुपये लिहून ठेवले. दहा वर्षांनी आठ रुपये दिले. तोवर लाडू पाचाला झालेला. आठ रुपयांत दीड लाडू येतो. पण वहीत काय लिहिलं जातं? आठ देणे, आठ दिले, बाकी शून्य. आर्थिक अनुशेष संपला, भौतिक राहिला. "निधी दिला" असं कुणी म्हटलं की मला गंगाखेडच्या बाजूची ती रिकामी परात वाजलेली ऐकू येते. चिडून लिहितेय, हो. टाइप करताना बोट दुखायला लागलं.

आमच्या बाजूचेही वाढपी होतेच की परातीपाशी. वर्षानुवर्षं, आणि चांगल्या मोठ्या खुर्च्यांवर. एवढी एक ओळ लिहिते, जास्त लिहवत नाही.

तिला दुसऱ्या एका बातमीतही हा शब्द दिसला होता, "आरक्षित पदांचा अनुशेष". ती गोंधळली. तिथं लाडू नाही, पाट. एका जागेवर ठरलेल्या माणसालाच बसवायचं असा नियम, पाट मांडलेला, पण भरतीत तो भरलाच नाही. तर तो पाट उचलून टाकायचा नाही, पुढच्या पंगतीत पुन्हा मांडायचा, त्या पंगतीच्या स्वतःच्या पाटांशिवाय. त्या साठत गेलेल्या रिकाम्या पाटांना अनुशेष म्हणतात. इथं सरासरी नाही, मोजणी सरळ आहे. शब्द तोच, माप वेगळं. हे तिला लाडवापेक्षा लवकर कळलं.

काही जण म्हणतील एवढा जड शब्दच कशाला, थकबाकी म्हणा. माझंही आधी तेच मत होतं, भावाशी त्यावरून वाजलंही. पण थकबाकीत कुणीतरी कबूल केलेलं असतं, पावती असते, वीजबिलाची असते. आज्जीला लाडू देईन म्हणून कुणी लिहून दिलं नव्हतं. बाकीच्यांच्या पानाकडं बघितल्यावरच कळतं की आपल्याला कमी आलंय. शेजारचं पान बघितल्याशिवाय अनुशेष मोजताच येत नाही. "मागं राहून गेलेला वाटा" असं म्हणता येईल, मी तिला तेच लिहायला सांगितलं. शब्द राहू द्या. फक्त लेकरांना फोडून सांगा.

वाक्य मात्र तिनं पेननं लिहिलं होतं, खोडता येईना. मी म्हटलं राहू दे, खाली दुसरं लिही. बराच वेळ पेनचं टोपण चावत बसली. मग मला विचारलं, "तो वाढपी परत आला का गं?"

नाही आला. आज्जीनं तिच्या पानातला लाडू अर्धा मोडून माझ्या पानात टाकला होता. हे मी तिला सांगितलं नव्हतं, तेव्हा सांगितलं. खरं तर स्वतःला पूर्ण अर्धाही ठेवला नाही तिनं, मोठा तुकडा माझ्याकडं आणि चुरा तिच्याकडं.

भाचीनं वहीत लिहिलं: "आत्याच्या आज्जीच्या पानावर लाडवाचा अनुशेष दीड होता, नंतर अडीच झाला." मी म्हटलं, अगं हिशोब कर, तीनातला एक मिळाला म्हणजे आधी दोनाचा. ती म्हणाली, थांब. खोडाखोड केली, दोन केलं, अडीच तसंच ठेवलं.

उद्या बाई काय शेरा देतात ते कळवते.