झेरॉक्स आधी नव्हे, नोटीस आधी

‘मूळ विसारपावती विकणाऱ्याकडे आहे, माझ्याकडे फक्त झेरॉक्स. कोर्टात चालेल का?’

चालू शकते, पण थेट नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023च्या कलम 64प्रमाणे आधी त्याला मूळ कागद हजर करण्याची नोटीस द्या. त्याने तो आणला नाही, तर कलम 60 खाली दुय्यम पुराव्याची, म्हणजे मूळ कागदाऐवजी त्याची प्रत देण्याची, वाट उघडते. तरीही झेरॉक्स मूळ कागदावरूनच काढली, हे सांगणारा साक्षीदार लागतोच. प्रत काढणारा किंवा मुळाशी ताडून पाहणारा माणूस उत्तम. कोर्टाच्या नोंदीत झेरॉक्सवर निशाणी क्रमांक पडला म्हणजे मजकूर सिद्ध झाला, असं कृपया समजू नका! आणि मूळ पावतीला पुरेसा स्टॅम्प नसेल, तर अडचण मोठी. दंड भरून मूळ कागद वाचवता येतो, त्याची झेरॉक्स नाही.