"माझा आवाज मोठा आहे, मला माईक नको"

मी गेली अकरा वर्षं दोन्ही कानांत श्रवणयंत्रं वापरते. एखाद्या सभागृहाच्या दारावर कान आणि त्याशेजारी इंग्रजी T असं चिन्ह दिसलं, की माझं मन हलकं होतं. आत इंडक्शन लूप आहे, असा त्या पाटीचा अर्थ. तरीही अशाच एका लूप असलेल्या सभागृहातून मी अर्धा कार्यक्रम न ऐकता घरी आले. लूप उत्तम चालू होता, माझी यंत्रंही ठीक होती. घोळ माईकपाशी होता, म्हणून आज हे सविस्तर लिहितेय.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी लूप म्हणजे काय ते सांगते. खोलीच्या कडेने, जमिनीखालून किंवा भिंतीलगत, एक तार फिरवलेली असते. माईकमध्ये आलेला आवाज एक खास अॅम्प्लिफायर त्या तारेत विजेच्या रूपाने सोडतो. त्यातून खोलीभर चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि आवाजाबरोबर तेही बदलत राहतं. माझ्या यंत्रात टी-कॉइल नावाची इवलीशी तारेची गुंडाळी आहे. ती हे क्षेत्र पकडते आणि त्याचा पुन्हा आवाज होतो. वक्ता वीस मीटरवर असला तरी तो माझ्या कानाशी बसून बोलतोय असं वाटतं. सभागृहातला घुमारा, पंख्यांचा आवाज, शेजारच्यांची कुजबुज यातलं काहीच मध्ये येत नाही.

येत नाही, कारण मी यंत्र टी वर टाकलं की त्याचे स्वतःचे माईक बंद होतात. मग मला ऐकू येतं ते फक्त लूपमधून आलेलं, आणि लूपमध्ये जातं ते फक्त माईकमध्ये शिरलेलं. माईकबाहेरचं जग माझ्यासाठी संपलेलं असतं.

त्या दिवशी व्याख्यान पन्नास मिनिटं चाललं. एकही शब्द सुटला नाही. मग प्रश्नोत्तरं सुरू झाली. पहिल्या बाईंनी माईक घेऊन विचारलं. दुसरे गृहस्थ उठले, हाताने माईक नको अशी खूण केली आणि बोलू लागले. ते नेमकं काय म्हणाले ते शेजारणीने नंतर सांगितलं: "माझा आवाज मोठा आहे, मला माईक नको." मला मात्र पूर्ण शांतता ऐकू येत होती. त्यांचे ओठ हलताना दिसले, मग सगळे हसले. मी घाईघाईने यंत्राचं बटण दाबून नेहमीच्या माईकवर आले, दोनदा बीप झालं, तोवर प्रश्न संपत आला होता. परत टी वर गेले तर वक्ते म्हणत होते, "हो, पण दुसऱ्या बाबतीत तसं म्हणता येणार नाही." कोणती पहिली बाब, कोणती दुसरी? पुढचे चार प्रश्न असेच गेले. उत्तरं स्पष्ट ऐकली, पण ती कशाची होती ते आजही माहीत नाही.

कुणी म्हणेल, टी आणि माईक दोन्ही एकदम चालू ठेवता येतात की. बऱ्याच यंत्रांत येतात. पण मग खोलीचा सगळा गोंगाट परत आत येतो आणि लूपचा मुख्य फायदाच जातो. शिवाय मागच्या रांगेतला माणूस त्यातही नीट ऐकू येत नाही. श्रवणयंत्राचा माईक साधारण एक-दोन मीटरपर्यंत चांगलं काम करतो. त्यापलीकडे मोठा आवाज पोचतो, पण शब्द घुमाऱ्यात विरघळतात. आवाज मोठा असणं आणि शब्द कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खणखणीत आवाजाच्या लोकांना हेच समजावणं मला सगळ्यात अवघड जातं.

दुसरी गोष्ट अंतराची. माईकपासूनचं अंतर दुप्पट झालं की थेट आवाज सहा डेसिबलने उतरतो. तोंडापासून पंधरा सेंटिमीटरवरचा माईक वक्त्याने साठ सेंटिमीटरवर नेला, म्हणजे हात खाली सोडला किंवा पोडियमपासून पाऊलभर मागे सरकला, तर आवाज बारा डेसिबलने पडतो. पंखे आणि एसी मात्र तेवढेच राहतात. आता यातली खरी फसगत बघा. लूपच्या अॅम्प्लिफायरमध्ये पातळी आपोआप सांभाळण्याची सोय असते. आवाज पडला की तो वर ओढतो, आणि त्याबरोबर पंख्यांची घरघरही. त्यामुळे ध्वनिव्यवस्था बघणाऱ्याला मीटरवर सगळं ठीक दिसतं आणि आमच्या कानात चिखल झालेला असतो. लूपचा आवाज त्याने स्वतः ऐकल्याशिवाय हे कळत नाही. त्यासाठी हेडफोन लावून ऐकायचं छोटं लूप रिसीव्हर मिळतं, ते त्याच्या टेबलावर हवंच.

हातातला माईक हनुवटीच्या उंचीवर, ओठांपासून दहा-पंधरा सेंटिमीटरवर धरा. ओठांसमोर धरू नका, आमच्यातले बरेच जण ओठही वाचत असतात. कॉलर माईक छातीच्या मधोमध, हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा. गळ्यातली साखळी त्यावर घासली तर प्रत्येक वाक्यावर खरखर चढते. आणि माईक चालू आहे का ते बघायला त्यावर टिचकी मारू नका, कृपया. ती टिचकी थेट आमच्या कानाच्या पडद्यावर बसते. दोन वाक्यं बोलून बघा.

कार्यक्रमाआधी लूप तपासणं अर्ध्या तासाचं काम आहे. आधी लूप बंद ठेवून रिसीव्हर घेऊन सगळीकडे फिरायचं. तरीही गुणगुण आली तर दोष लूपचा नाही, इमारतीच्या वायरिंगचा किंवा दिवे मंद करणाऱ्या डिमरचा आहे. मग लूप चालू करून एकाने माईकवर "साप, शाप, सात, साठ" असं वाचायचं आणि दुसऱ्याने बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, म्हणजे सुमारे १.२ मीटरवर, रांगेरांगेत ऐकायचं. जमिनीत लोखंड जास्त असेल तर स आणि श बोथट होतात. तारेच्या अगदी वर बसलं तर आवाज जवळपास गायब होतो. मला एकदा कडेची खुर्ची मिळाली होती, दोन खुर्च्या आत सरकले आणि सगळं स्वच्छ झालं. टीपणं काढायला मान खाली घातली तरी आवाज पातळ होतो, कारण गुंडाळी बहुतेक यंत्रांत उभी बसवलेली असते. आणि हो, सगळ्या यंत्रांत टी-कॉइल नसते, असली तरी ती चालू करून घ्यावी लागते. ऑडिओलॉजिस्टला हे आवर्जून विचारा.

वर्गात गणित थोडं बदलतं. शेजारीशेजारी दोन वर्गांत साधे लूप घातले तर एका वर्गातला धडा दुसऱ्या वर्गातल्या मुलाच्या कानात उतरतो, भिंत चुंबकीय क्षेत्राला अडवत नाही. तिथे शिक्षकांच्या गळ्यात रेडिओ माईक आणि मुलाच्या यंत्राला जोडलेला रिसीव्हर हा मार्ग जास्त बरा. पण प्रश्न तोच राहतो. शिक्षक ऐकू येतात, वर्गमित्र नाहीत. मागच्या बाकावरची मुलगी उत्तर देते, शिक्षक "शाब्बास" म्हणतात, आणि त्या मुलाला फक्त "शाब्बास" मिळतं.

माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकेने यावर उपाय काढला. दुसरा माईक वर्गात फिरतो आणि तो हातात आल्याशिवाय कुणी बोलायचं नाही. पहिला आठवडा जड गेला. माईक पोचेपर्यंतच्या पाच सेकंदांत मुलं चुळबूळ करायची. माईक चुकला तर त्या स्वतः प्रश्न पुन्हा म्हणतात, पण शक्यतो टाळतात, कारण त्यात विचारणाऱ्याचे शब्द आणि अडखळणं हरवतं. मी पाहायला गेले त्या दिवशी एक मुलगा माईकशिवाय बोलू लागला, तर श्रवणयंत्रवाली मुलगी मागे वळली आणि नुसता हात पुढे केला. तो थांबला, माईक आला, आणि त्याने वाक्य पहिल्यापासून सुरू केलं.