उधारीच्या वहीतली जमा-नावे सरमिसळ: अभिप्रायाला उत्तर

अभिप्राय: "दीडशे पानांची उधारीची वही एक्सेलमध्ये करून घेतली. कित्येक ठिकाणी नावेची रक्कम जमेत गेलीय. वहीत रकान्यांच्या रेघा नाहीत हे आधीच सांगितलं होतं. मग पैसे कशाचे घेतले?"

नमस्कार. चूक आमचीच आहे. वहीत तारीख, तपशील, नावे, जमा, बाकी ही शीर्षकं खात्याच्या पहिल्या पानावरच आहेत. आम्ही त्यांच्या जागा प्रमाण धरून पुढची पानं भरली. पण रेघ नसली की हात खाली येता येता उजवीकडे सरकतो. पानाच्या तळाशी नावेचे आकडे थेट 'जमा'च्या खाली आले आणि जमेत पडले.

शीर्षकावरून रकाने किती आणि कोणत्या क्रमाने एवढंच घ्यायला हवं होतं. जागा ठरते ती मोकळ्या पट्ट्यावरून. दोन शब्दांमधली फट दर ओळीला हलते, दोन रकान्यांमधली फट ओळीमागून ओळ साधारण एकाच जागी राहते. म्हणून आता स्कॅन सरळ करून पानाचे आठ-दहा ओळींचे तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकड्यात ही फट नव्याने शोधतो. रकमा उजव्या कडेने, म्हणजे एकंच्या आकड्यावरून जुळवतो, कारण ५० आणि १,२५० यांची डावी कड कधीच जुळत नाही. आपल्या वहीत काही रकमांपुढे '/-' आहे, काहींपुढे नाही. ती खूण सोडून कड मोजावी लागते, नाहीतर रक्कम पुढच्या रकान्यात घुसते.

तरी ओळीत एकच रक्कम असली की नुसत्या फटीवर भरवसा ठेवता येत नाही. तिथे बाकी कामी येते. आपल्याच वहीतली एक ओळ: आधीची बाकी ९५०, तपशील 'साखर, तेल', रक्कम ३४०, पुढे बाकी १,२९०. ९५० मध्ये ३४० मिळवले की १,२९० होतात, म्हणजे रक्कम नावेचीच. आम्ही ती जमेत टाकली होती, त्या हिशोबाने बाकी ६१० येते. फरक ६८०, चुकलेल्या रकमेच्या बरोबर दुप्पट. जिथे बाकी फक्त पानाच्या शेवटी आहे, तिथे फरकाची निम्मी रक्कम त्या पानावर शोधायची. बहुधा तीच सरकलेली असते. एकाहून जास्त रकमा सरकल्या असतील तर मात्र हा उपाय चालत नाही, आणि तेवढीच रक्कम उलट दिशेनेही सरकली असेल तर फरकच दिसत नाही. अशा पानांवर तपशील वाचूनच ठरवावं लागतं: 'रोख दिले' असेल तर जमा, माल असेल तर नावे.

दीडशेही पानं या पद्धतीने पुन्हा करून देतो, वेगळे पैसे नाहीत. ज्या ओळी हिशोबानेही सुटणार नाहीत त्या पिवळ्या करून, शेजारी पान क्रमांक घालून पाठवू. तेवढ्या आपण मूळ वहीशी ताडून पाहाव्यात. खातेदाराला ओळखणारे आपणच, आम्ही अंदाजाने भरणार नाही.