पेजवरचं उत्तर टेबलावरच्या गिऱ्हाईकाला देता तसं द्या

म्हापशात आमची छोटी खानावळ आहे. जुलैतल्या एका रविवारी जेवून गेलेल्या बाईंनी फेसबुक पेजवर लिहिलं, "पाऊण तास थांबलो. इसवण सांगितली, बांगडा आला, बिलात मात्र इसवणच." इसवण म्हणजे सुरमई. पेज माझा पुतण्या सांभाळतो. त्याने उत्तर ठोकलं, "मासा ओळखता येत नसेल तर पनीर खावं." त्यावर हसण्याच्या इमोजींचा पाऊस पडला आणि बाईंनी स्क्रीनशॉट सगळीकडे फिरवला.

मला ते रात्री कळलं आणि फार वाईट वाटलं. पुतण्या म्हणाला, "काकी, डिलीट करतो." मी नको म्हटलं. स्क्रीनशॉट बाहेर होता, पुसलं असतं तर लपवाछपवी दिसली असती. कमेंट एडिट केली तरी फेसबुकवर आधीचा मजकूर बघता येतो. म्हणून त्याच्याच खाली हे लिहिलं:

"नमस्कार. आमच्या पेजवरून गेलेलं आधीचं उत्तर चुकीचं होतं, माफ करा. तुम्हाला पाऊण तास थांबावं लागलं, त्याबद्दलही माफी. मासा आणि बिलाचं आम्ही तपासतोय. बिलाचा फोटो कृपया पेजच्या मेसेजमध्ये पाठवा, उद्या संध्याकाळी सहापर्यंत मी स्वतः उत्तर देईन." खाली माझं नाव.

यात मुद्दाम काही गोष्टी टाळल्या. चूक कुणाची, ते तपासण्याआधी बोलले नाही. पैसे परत देण्याचा शब्द चारचौघांत दिला नाही. फोन नंबर कमेंटमध्ये मागितला नाही, नाहीतर त्यांचा नंबर सगळ्यांना दिसला असता. "आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे" हे तर नाहीच. तेच वाक्य दहा तक्रारींखाली चिकटवलेलं दिसलं की लोकांना कळतं, कुणी वाचलेलंच नाही.

बिल आलं, आम्ही ऑर्डरचं पॅड काढलं. 1 जून ते 31 जुलै ट्रॉलरबंदी, इसवण थोडीच आलेली, ती दीडपर्यंत संपली. वेटरने टेबलावरच्या एकालाच विचारून बांगडा दिला आणि काउंटरवर सांगायचं राहिलं. म्हणजे बाई बरोबर होत्या! दोन प्लेटींचा फरक 300 रुपये मी साडेपाचला परत पाठवला आणि काय घडलं ते मेसेजमध्ये सविस्तर लिहिलं. दिलेली वेळ चुकली असती तर त्या पुन्हा कमेंटमध्येच आल्या असत्या, आणि तेव्हा कुणी आमचं ऐकलं नसतं.

मग त्यांना विचारून त्याच कमेंटखाली एक ओळ टाकली, "बोलणं झालं, बिलातला फरक परत केला." ही ओळ टाकाच. नाहीतर तक्रार वाचणाऱ्याला पुढे काय झालं ते कधीच कळत नाही.

पेज अजूनही पुतण्याच सांभाळतो. फक्त तक्रारीचं उत्तर आता तो आधी मला वाचून दाखवतो. आणि मासा बदलला की वेटर पॅडवर खोडून नवा लिहितो, मगच बिल निघतं.