भोक पडले की पाडले?

मुंबईत इमारतीने तिशी ओलांडली की तिचे स्ट्रक्चरल ऑडिट करावे लागते. ते करणाऱ्यांपैकी मी एक. कॉलमवर रिबाउंड हॅमर टेकवायचा, त्याची उडी मोजून काँक्रीट किती कठीण ते ताडायचं, तडे शोधायचे, हे सगळं मला आवडतं. त्रास सुरू होतो रिपोर्ट लिहायला बसलो की. त्यात एका सोसायटीने अट घातली: रिपोर्ट मराठीत हवा, जनरल बॉडीत वाचून दाखवायचा आहे.

आमच्या साहेबांचा एकच नियम. रिपोर्टमध्ये ‘मी’ आणि ‘आम्ही’ दिसता कामा नये, सगळं कर्मणीत. मी पहिलं वाक्य लिहिलं, ‘आम्ही तडा मोजला.’ साहेबांनी लाल रेघ मारली. म्हटलं, “साहेब, हे कर्मणीच आहे. तडा मोजला, भेग मोजली, तडे मोजले. क्रियापद तड्यामागे चाललंय, आमच्याकडे बघतही नाही.” साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. शाळेत व्याकरणात मिळालेले मार्क नोकरीत वापरायचे नसतात, हे त्या नजरेतून समजलं. वाक्य झालं, ‘तड्यांची मोजणी करण्यात आली.’

खरं तर कामाच्या पद्धतीच्या प्रकरणात साहेबांचं बरोबर होतं. हॅमर मी धरला की माझ्या असिस्टंटने, याने वाचन बदलायला नको. बदललं तर चूक धरणाऱ्याची. म्हणून तिथे ‘वाचने घेण्यात आली’ हेच शोभतं, आणि भूतकाळातच, कारण ते काम एकदा झालं आणि संपलं.

पण याच गोडीत मी लिहून गेलो, ‘प्लास्टर काढून वाचने घेण्यात आली.’ हॅमर काँक्रीटवरच मारावा लागतो. प्लास्टरवर मारला तर मिळणारा आकडा प्लास्टरचा. आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी नुकत्याच रंगवलेल्या हॉलमध्ये छिन्नी आणूच दिली नव्हती. “चहा घ्या, पण भिंतीला हात लावू नका.” तिथे मी चहाच घेतला. पण ‘घेण्यात आली’च्या पांघरुणाखाली तो कॉलमही गुपचूप तपासलेल्यांत जाऊन झोपला. शेवटी लिहिलं, ‘या सदनिकेत प्लास्टर काढू दिले नाही, त्यामुळे येथील कॉलमची वाचने घेतली नाहीत.’ जे केलं ते कुणी केलं नाही सांगितलं तरी चालतं, जे केलं नाही ते मात्र कारणासकट सांगावं लागतं.

मग निरीक्षणं. पाहणी 9 मेची, रिपोर्ट जूनअखेरचा. काम मे महिन्यात झालं म्हणून मी ऐटीत लिहिलं, ‘पार्किंगमधील कॉलमला 2 मिलिमीटर रुंदीचा उभा तडा होता.’

कच्चा मसुदा वाचून सेक्रेटरी काकांचा फोन आला. आवाजात आनंद. “होता म्हणजे आता नाही ना?”

“आहे हो काका. कुठे जाणार तो?”

“मग तसं लिहा ना! मी कमिटीला सांगूनसुद्धा टाकलं की तडा गेला.”

तडा गेला! मराठीत तडा जातो म्हणजे पडतो, हेही मी त्यांना सांगणार होतो, पण त्यांची मनःस्थिती पाहून आवरलं. वाक्य दोन तुकड्यांत केलं: ‘पार्किंगमधील कॉलमला उभा तडा आहे. 9 मे रोजी त्याची रुंदी 2 मिलिमीटर भरली.’ तडा वर्तमानात, माप भूतकाळात तारखेसकट. पुढच्या वर्षी कुणी मोजून 3 भरली तर तडा वाढतोय हे त्यावरून कळेल. नुसतं ‘2 मिलिमीटर आहे’ लिहिलं असतं, तर ते कधीचं, हा वाद वर्षभर चालला असता.

त्याच कॉलममध्ये सळईला गंज चढतोय का, हे पाहायला हाफ-सेल चाचणी केली होती. व्होल्टमीटरचं एक टोक सळईला आणि दुसरं काँक्रीटवर टेकवलेल्या कॉपर सल्फेटच्या इलेक्ट्रोडला. वाचन आलं -410 मिलिव्होल्ट. इथे एका परिच्छेदात तीन रूपं लागली. ‘वाचन -410 आले’, कारण ते त्या दिवशीचं. ‘वाचन -350 च्या खाली गेले तर त्या जागी गंज चालू असण्याची शक्यता 90 टक्क्यांहून अधिक असते’, कारण तो ठोकताळा सगळ्याच इमारतींचा. आणि शेवटी, ‘येथे गंज चालू असावा.’ हा ‘असावा’ मला फार प्रिय आहे. ‘आहे’ म्हणायला सळई डोळ्यांनी पाहिलेली नाही, आणि गंजाचा वेग तर ही चाचणी सांगतच नाही. साहेबांना मात्र ‘असावा’त पळपुटेपणा दिसतो. त्यांनी खोडला, मी परत घातला, असं तीनदा झालं.

खरी लढाई झाली ती पहिल्या मजल्यावरच्या बीमवरून. एसीचा पाइप न्यायला कुणीतरी बीममधून आरपार भोक नेलं होतं, आणि वाटेत एक सळईही कापली होती. ते घर निघालं खजिनदारांचं. ते मला जिन्यात गाठून हळूच म्हणाले, “‘बीमला भोक पडले आहे’ एवढं लिहा की. मराठीच आहे ना?”

मराठीच होती, आणि तीच तर पंचाईत. इंग्रजीत लपायचं तर बहुतेकदा पॅसिव्हची गोधडी ओढावी लागते. आपल्याकडे एक काना काढला की काम झालं. भिंत पाडली, भिंत पडली. भोक पाडले, भोक पडले. जणू बीमच कंटाळला आणि त्याने एका दुपारी स्वतःला गोल भोक पाडून घेतलं.

“मग ‘खजिनदारांनी पाडले’ असं लिहा!” सेक्रेटरी काका म्हणाले. दोघांचं आधीपासून पार्किंगवरून होतंच. पण पाडताना मी पाहिलं नव्हतं. आधीच्या मालकाने पाडलं असलं तर? मी पाहिलं होतं ते फक्त भोक, मशीनने कापलेल्या गुळगुळीत कडेचं. शेवटी लिहिलं, ‘बीममध्ये एसीच्या पाइपसाठी यंत्राने पाडलेले भोक आहे. त्यात खालची एक सळई कापली गेली आहे.’ माणसाने केलंय हे आलं, कुठल्या माणसाने हे नाही आलं. दोघंही नाराज झाले, तेव्हा वाक्य जमलं असं मी धरलं.

शिफारशी लिहिताना मात्र मी मार खाल्ला. नेहमीच्या सवयीने लिहिलं, ‘पार्किंगमधील कॉलमशेजारी तातडीने प्रॉप लावण्यात यावेत.’ प्रॉप म्हणजे भार तोलायला लावलेले तात्पुरते टेकू. दीड महिन्याने गेलो तर प्रॉप नाहीत. कमिटीला वाटलं कंत्राटदार लावेल. कंत्राटदार नेमलाच नव्हता. एक सभासद तर मला म्हणाले, “आम्हाला वाटलं, तुम्हीच लावणार. रिपोर्ट तुमचा ना?”

सुधारित प्रत त्याच संध्याकाळी पाठवली: ‘सोसायटीने सात दिवसांत कंत्राटदार नेमून प्रॉप लावून घ्यावेत. लावल्यावर सेक्रेटरींनी आम्हाला फोटो पाठवावा.’ साहेबांनी ‘आम्हाला’कडे बराच वेळ पाहिलं आणि पेनाला टोपण लावलं. सहाव्या दिवशी फोटो आला. प्रॉप सरळ होते, शेजारी काका ताठ उभे होते.

फोटोसोबत आमच्या बिलाचं उत्तरही होतं: ‘आपले बिल मंजूर करण्यात आले असून रक्कम लवकरच अदा करण्यात येईल.’

या वाक्यातला कर्ता मी अजून शोधतोय.