‘सर, काही अपडेट?’

इंटिरियर डिझायनर मित्रहो, चॅटवर एखादं गिऱ्हाईक आपणहून येऊन प्रश्न विचारतं, तेव्हा त्याला तुमच्या भाषेत ‘वॉर्म लीड’ म्हणतात असं मला हल्लीच कळलं. मी स्वतः नुकताच सात आठवडे वॉर्म लीड होतो. त्या अनुभवावर ही ऊब कशी टिकवायची ते सांगतो.

पहिलं म्हणजे, प्रश्नाचं उत्तर चुकूनही देऊ नका. मी विचारलं होतं, “चावी मिळायला अजून तीन महिने आहेत. फ्रिज स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, भिंतीला लागून बसवला तर दार नीट उघडेल का?” यावर आपल्या एका व्यवसायबंधूंनी ४८ पानांची पीडीएफ पाठवली. त्यात झुंबरं होती, दिवाणखाने होते, अंडाकृती बाथटबही होता. फ्रिज नव्हता.

लगेच बजेट विचारा. घर किती मोठं, घरात माणसं किती, स्वयंपाक कोण करतं, असल्या चौकशा कशाला?

व्हॉइस नोट चार मिनिटांच्या आत संपवू नका.

आता मुख्य अस्त्र. दर तिसऱ्या दिवशी लिहायचं, “सर, काही अपडेट?” कसला अपडेट? चावी तीन महिन्यांनी मिळणार हे पहिल्याच मेसेजमध्ये लिहिलं होतं की! तिसऱ्या दिवशी अपडेट काय असणार, बिल्डरने रातोरात दोन मजले चढवले? मग नुसतं “सर?” मग नुसतं “?”. निळ्या खुणा दिसल्या की दोन मिनिटांत फोन. फोन उचलला नाही की “बिझी आहात का सर”. शनिवारी सकाळी फुलांच्या चित्रावर सुप्रभात, आणि त्याच संध्याकाळी “ऑफर आज रात्री बारापर्यंतच”. ही ऑफर माझ्या डोळ्यांदेखत चार वेळा मेली आणि चारही वेळा सोमवारी उठून बसली. अहो, ज्या ओट्याची जागा अजून कुणी मोजली नाही, त्यावर सूट कसली देताय? शंभर रुपये कशातून कमी करणार? मी शेवटी चॅट म्यूट केली, तर दुसऱ्या नंबरवरून मेसेज आला, “सर, आमच्या सीनियरना तुमच्याशी बोलायचंय.”

आता चुकीचं उदाहरण बघा, म्हणजे काय टाळायचं ते कळेल. हाच प्रश्न मी आणखी एका बाईंना विचारला होता. त्यांनी लिहिलं, “दार उघडेल, पण ९० अंशांवर भिंतीला अडेल. बऱ्याच फ्रिजचे भाजीचे ड्रॉवर पूर्ण बाहेर यायला दार त्याहून जास्त उघडावं लागतं, कारण दाराच्या आतले कप्पे ड्रॉवरच्या वाटेत येतात. मॉडेलच्या माहितीपत्रकात बाजूला किती जागा सोडायची त्याची आकृती असते, ती बघा. तेवढी फट सोडून पुढून पट्टी लावता येते, नाहीतर फ्रिज आणि उंच कपाट यांच्या जागा बदलायच्या. फ्रिज जुनाच नेणार की नवा घेणार?” आकृतीत बघितलं, तर आमच्या फ्रिजला खरंच जागा लागत होती.

जुनाच, म्हणालो. “ठीक. विजेचे पॉइंट पक्के करायच्या सुमारास विचारते,” असं म्हणून बाई गप्प. चक्क पाच आठवडे गप्प! मग एक मेसेज: “वायरिंगवाला खुणा करेल तेव्हा फ्रिजचा पॉइंट फ्रिजच्या मागे नको, शेजारच्या कपाटात येऊ द्या, म्हणजे प्लग हाताशी राहतो. ओव्हन घेणार असाल तर त्याला वेगळा मोठा पॉइंट आत्ताच सांगून ठेवा, नंतर टाइल फोडावी लागेल.” खाली कोटेशन नाही, ऑफर नाही. तिसरा मेसेज चावी मिळाली त्या आठवड्यात: “मोजमापाला यायचं असेल तर वार सांगा. दुसऱ्या कुणाला काम दिलं असेल तर नुसतं ‘नको’ लिहा, मी परत विचारणार नाही.”

तीन महिन्यांत तीन मेसेज. काम कुणाला दिलं, हे सांगायला हवं का?

बास, आता गंमत पुरे. तुम्हाला आम्ही माणसं वाटतच नाही. तीन महिन्यांनी म्हटलं तर ती तारीख कुठेतरी लिहून ठेवता येत नाही? फुकट सांगितलं तर गिऱ्हाईक ते घेऊन सुताराकडे जाईल ही भीती वाटते ना? जाईलही एखादं. पण फ्रिजच्या दाराचं एक वाक्य हातचं राखून तुम्ही मला ४८ पानं पाठवलीत, आणि मला एवढंच कळलं की तुम्ही माझा मेसेज वाचलाच नव्हता. एका ओळीचा होता तो. वाचायला काय पैसे पडत होते?

हे लिहीत असतानाच त्या दुसऱ्या नंबरवरून मेसेज आलाय. “सर, काही अपडेट?”

आहे. ओटा बसला. आता ब्लॉक करतोय.