रविवारचा बॅकवॉश

आमच्या सोसायटीच्या कमिटीत ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या गळ्यात स्विमिंग पूल बांधतात. सध्या तो माझ्या गळ्यात आहे. पूल सांभाळणारा पोरगा रविवारी सुट्टीवर, आणि फिल्टर नेमका रविवारीच तुंबतो. तुंबलाय हे ओळखणं सोपं. फिल्टरच्या टाकीतली वाळू स्वच्छ असताना दाबाच्या गेजचा काटा १२ पीएसआयवर असतो. तो २२ वर गेला आणि पुलात परत येणारी धार मंदावली, की घरच्यांना ‘आलोच’ म्हणून सांगायचं आणि तासभर यायचं नाही.

आधी पंप बंद. चालू पंपावर व्हॉल्व्हचा दांडा फिरवला तर आतलं रबरी गॅस्केट निसटतं आणि मग पुलाचं पाणी गुपचूप गटाराला जात राहतं. दांडा खाली दाबून ‘बॅकवॉश’वर आणायचा, मग पंप सुरू.

एवढ्यात ए विंगमधले काका हजर. पंपाचा आवाज त्यांना झोपेतही ऐकू येतो.

“अहो, हे पाणी गटारात कशाला सोडताय?”

एरवी पाणी वरून वाळूत शिरतं, झिरपत खाली जातं आणि तळाच्या बारीक चिरांच्या नळ्यांतून बाहेर पडतं. घाण वरच्या थरात अडकून बसते. बॅकवॉशला तेच पाणी तळातून वर उसळतं. घट्ट बसलेली वाळू फुलते, कणाला कण घासतो, आणि मधे दडलेला मळ सुटतो. खळ्यावर धान्य उफणताना भूस उडून जातं आणि दाणे खाली राहतात, तसंच हे. वाळू जड, थोडी उठून टाकीतच राहते. मळ हलका, तो पाण्याबरोबर वरच्या तोंडातून बाहेर. धार मंद असेल तर मळ सुटतच नाही, आणि टाकीत वाळू गळ्यापर्यंत भरलेली असेल तर फुलायला जागा न मिळून तीही गटारात जाते.

काकांनी हे सगळं ऐकलं आणि मोबाइलवर हिशेब मांडला. मिनिटाला दोनशे लिटर, तीन मिनिटं, सहाशे लिटर. “म्हणजे एका घराचं दिवसभराचं पाणी!” माझं लक्ष बाहेर जाणारं पाणी दिसतं त्या साइट ग्लासवर. आधी गढूळ हिरवं, मग फिकट, मधेच पुन्हा एक मातकट लोट. पहिल्यांदा फिकट दिसल्यावर थांबायचं नसतं, हा लोट येऊन जाऊ द्यायचा असतो.

मग पंप बंद, दांडा ‘रिन्स’वर, आणि अर्धा-एक मिनिट परत चालू. आता पाणी वरून खाली, पण गटाराकडे. वाळू नीट बसते आणि टाकीत उरलेला गढूळपणा निघून जातो. ही पायरी गाळली की पुलात धुळीचा ढग उठतो आणि ग्रुपवर त्याचे फोटो येतात. शेवटी पुन्हा पंप बंद, दांडा ‘फिल्टर’वर, पंप चालू. काटा १२ वर.

“मग रोजच करा की! पूल कसा चकाचक राहील,” काका म्हणाले. पाण्याचा हिशेब ते विसरले होते.

“रोज नाही चालत. थोडा मळ साचला की वाळूच्या फटी बारीक होतात, त्यात आणखी बारीक कचरा अडकतो. ताज्या धुतलेल्या वाळूतून तो निसटतो.”

“म्हणजे घाण असलेली बरी?”

“थोडी.”

संध्याकाळी सूचना वहीत नोंद होती: ‘पूल प्रमुख घाणीचे समर्थन करतात. सर्वसाधारण सभेत चर्चा व्हावी.’